एका ओळीचा परिच्छेद

महागावला माझा एक शाळासोबती विज्ञान शिकवतो. गेल्या हिवाळ्यात त्याने मला फोनवर एक मजकूर पाठवला आणि खाली विचारले, "अरे, हे तिनं लिहिलंय की यंत्रानं?" मजकूर त्याच्याच एका माजी विद्यार्थिनीचा होता. कृषी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली ही मुलगी कापसाच्या हंगामात एका जिनिंगच्या आवारातील खरेदी केंद्रावर प्रशिक्षणासाठी जात होती, आणि तो अनुभव तिने लिंक्डइनवर मांडला होता. मूळ मजकूर इंग्रजीत होता. मराठीत आणताना ओळी जशा होत्या तशाच ठेवल्या आहेत. पुढच्या चर्चेच्या सोयीसाठी क्रमांक मात्र मी घातले आहेत.

१. मी कालपर्यंत चुकत होते.

२. एका शेतकऱ्याने मला थांबवलं.

३. तो फक्त एकच वाक्य बोलला.

४. "बेटा, कापूस कधीच घाई करत नाही."

५. मी निःशब्द झाले.

६. चार वर्षांच्या पदवीने जे शिकवलं नाही, ते त्या एका वाक्याने शिकवलं.

७. यश म्हणजे वेग नव्हे. यश म्हणजे संयम.

८. त्या दिवशी मी तीन गोष्टी शिकले : ऐका. थांबा. विश्वास ठेवा.

९. तुमच्या आयुष्यातला असा 'शेतकरी' कोण?

१०. खाली नक्की लिहा. सहमत असाल तर पुढे पाठवा.

लिंक्डइन हे नोकरी-व्यवसायातील ओळखी जोडण्याचे संकेतस्थळ. ते २००३ मध्ये सुरू झाले, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतले, आणि २०२४ मध्ये तिथल्या भाषांच्या यादीत मराठीही आली. नोकरी शोधणाऱ्या तरुणांना आज तिथे खाते उघडावेच लागते, आणि खाते उघडले की 'काहीतरी लिहा' असा आग्रह सुरू होतो. वरच्या मजकुरासारखे मजकूर तिथे रोज इतके येतात की त्यांचा एक वाङ्मयप्रकारच बनला आहे. मित्राच्या प्रश्नाला सरळ 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर मला देता आले नाही. का देता आले नाही, आणि त्याऐवजी कोणता प्रश्न विचारायला हवा, हे सांगण्यासाठी हा लेख.

ओळी तुटल्या कशा?

पहिली गोष्ट ही की, एका ओळीचा परिच्छेद हा यंत्राचा शोध नाही, माणसांचा आहे. २०१७ मध्येच बझफीड न्यूज या अमेरिकी वृत्तस्थळाने या शैलीवर लेख छापला होता. तिथल्या लोकांनी तिला 'ब्रोएट्री' असे थट्टेचे नाव दिले होते. 'ब्रो' म्हणजे 'भाऊ' आणि 'पोएट्री' म्हणजे कविता, तेव्हा 'भाऊंच्या कविता' म्हणा. आजची संवादी यंत्रे तेव्हा अस्तित्वातही नव्हती.

ही शैली जन्माला आली ती पडद्याच्या रचनेतून. लिंक्डइनवर लांब मजकुराच्या फक्त पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात. उरलेला मजकूर 'आणखी पाहा' या कळीमागे झाकलेला असतो. साध्या पद्धतीने लिहिणारा माणूस त्या दोन-तीन ओळींत विषय सांगून टाकतो, आणि वाचक पुढे सरकतो. पण 'मी कालपर्यंत चुकत होते' असे लिहून एक ओळ मोकळी सोडली आणि 'एका शेतकऱ्याने मला थांबवलं' एवढेच पुढे लिहिले, तर झाकलेल्या भागात उत्तर आहे असे वाटून बोट आपोआप कळीवर जाते. मोकळी ओळही पडद्यावरची जागा खाते, म्हणून कमीत कमी शब्दांत ती दोन-तीन ओळींची जागा भरून निघते.

कळ दाबल्यानंतरही मोकळ्या ओळी कामाला येतात. आपल्यापुढे कोणता मजकूर आधी मांडायचा हे संकेतस्थळाची आज्ञावली ठरवते. त्यासाठी वाचक पसंती देईल का, उत्तर लिहील का, पुढे पाठवील का, याचे ती अंदाज बांधते. २०२० मध्ये लिंक्डइनच्या अभियंत्यांनी जाहीरपणे लिहिले की, वाचक एखाद्या मजकुरावर किती वेळ थांबतो याचाही आता हिशेब घेतला जातो, कारण बहुतेक लोक वाचतात पण कळ दाबत नाहीत. मजकूर झटकन ओलांडला जाण्याची शक्यता जास्त असेल, तर तो मागे पडतो. विरळ ओळींचा मजकूर बोटाने बराच वेळ सरकवत राहावा लागतो. अशा मजकुराला या हिशेबाचा फायदा मिळत असावा हे लिहिणाऱ्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. थोडक्यात, मोकळी ओळ हा इथे विचाराला दिलेला विराम नव्हे. ते वाचकाचे बोट अडवण्यासाठी ठेवलेले गतिरोधक आहे.

नववी आणि दहावी ओळ याच कुटुंबातली. त्यांना आपण 'प्रतिसादाचे गळ' म्हणू. फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गळांचे पाच प्रकार सांगून ते वापरणारे मजकूर मागे ढकलण्याचे जाहीर केले होते : मत द्या, पसंतीची खूण करा, पुढे पाठवा, मित्राचे नाव जोडा आणि उत्तर लिहा. आपल्याकडच्या वाचकांना यात नवल वाटू नये. 'ही हकिगत वाचून अकरा जणांना पत्रे पाठवा, अमक्याने पाठवली त्याला लाभ झाला, तमक्याने फाडून टाकले त्याचे नुकसान झाले' अशी संतोषीमातेची पोस्टकार्डे ज्यांच्या दारात येऊन पडत, त्यांना ही युक्ती ओळखीची आहे. त्या कार्डातही हकिगत कोणाची, कोणत्या गावची, याचा पत्ता नसे. मजकूर सांगण्यासाठी लिहिलेला नसे, पुढे जाण्यासाठी लिहिलेला असे. फरक एवढाच की पोस्टकार्डाला पैसे पडत आणि हात दुखत.

यंत्र त्यात कुठे आले?

हा साचा इतका ठरीव झाला होता की २०२२ मध्ये, चॅटजीपीटी यायच्या काही महिने आधी, टॉम ऑर्बाक नावाच्या एका जाहिराततज्ज्ञाने गमतीसाठी असे मजकूर बनवणारे एक संकेतस्थळच काढले. आज तुम्ही काय केले आणि लोकांना कोणता उपदेश करायचा आहे, या दोनच गोष्टी त्यात भरायच्या. मजकूर किती ओशाळवाणा हवा हे ठरवायला एक सरकती पट्टी होती. 'आज सकाळी दात घासले' एवढ्या भांडवलावरही नेतृत्वगुणांवर हृदयस्पर्शी मजकूर तयार व्हायचा. ही विनोदाची गोष्ट होती, पण तिच्यात एक निरीक्षण दडलेले आहे. ज्या लेखनाला घटनेची गरजच नाही, ते लेखन कोणत्याही घटनेवर बसते.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि विनोद व्यवहारात उतरला. भाषेची ही यंत्रे कशी चालतात ते इथे अगदी थोडक्यात पाहू, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. प्रचंड मजकूर पुरवून यंत्राला एकच काम शिकवलेले असते : इतके शब्द आले, तर पुढचा शब्द कोणता असण्याचा संभव किती? मग माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांकडे त्याला आणखी वळवलेले असते. 'जिनिंगमधल्या अनुभवावर प्रेरणादायी मजकूर लिही' असे सांगितले की यंत्र त्या प्रकारच्या लेखनात सर्वाधिक अपेक्षित असलेल्या वाटेने जाते. ते जिनिंगमध्ये गेलेले नाही, शेतकऱ्याला भेटलेले नाही. त्याच्याजवळ आहे तो अशा असंख्य मजकुरांचा सरासरी आकार. म्हणून 'अमुक नव्हे, तमुक' हे वाक्य येते, तीन गोष्टींची यादी येते, शेवटी प्रश्न येतो.

असे मजकूर किती असावेत? मजकूर-तपासणीचे साधन विकणाऱ्या ओरिजिनॅलिटी एआय या कंपनीने २०२४ मध्ये लिंक्डइनवरचे शंभराहून अधिक शब्दांचे ८,७९५ इंग्रजी मजकूर तपासले. ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास त्यांतले ५४ टक्के यंत्राने लिहिलेले असावेत, असा तिचा निष्कर्ष होता. तो आकडा मी 'अर्ध्याच्या आसपास, आणि तोही त्या साधनावर विश्वास ठेवला तर' एवढ्याच अर्थाने घेतो. साधने कुठे चुकतात ते पुढे येईलच.

झाकून ओळखण्याची कसोटी

अमेरिकेतील शास्त्रज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीचे मोजमाप मांडले. त्यांची मूळ कल्पना साध्या शब्दांत अशी : जे आधीच ओळखता येते त्यात माहिती नसते, जे ओळखता येत नाही त्यात असते. 'उद्या सूर्य पूर्वेला उगवेल' हे वाक्य खरे आहे, पण त्यातून आपल्याला काही कळत नाही. १९५१ च्या एका निबंधात शॅनन यांनी यावर एक खेळच दिला. छापील मजकूर झाकायचा आणि पुढचे अक्षर कोणते हे माणसाला ओळखायला सांगायचे. किती वेळा बरोबर येते त्यावरून त्या भाषेत किती भाग अपेक्षित आणि किती नवा हे काढता येते.

हाच खेळ अक्षरांऐवजी ओळींवर खेळता येतो. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्यावा, पहिली ओळ उघडी ठेवून बाकी मजकूर झाकावा आणि ज्याने तो वाचलेला नाही अशा माणसाला पुढच्या ओळीचा आशय विचारावा. शब्द जुळायला नकोत, आशय जुळला की पुरे.

मित्राने वरच्या दहा ओळींवर हा खेळ शिक्षकखोलीत एका सहकाऱ्याबरोबर खेळून पाहिला. दुसरी ओळ त्यांना ओळखता आली नाही. 'कोणीतरी भेटलं' म्हणाले, पण शेतकरी हे कळायला मार्ग नव्हता. तिसरी आणि चौथीही चुकली. पाचवीला मात्र ते लगेच म्हणाले, "आता ती गप्प झाली असणार." सहावीला 'शाळा-कॉलेजात हे शिकवत नाहीत', सातवीला 'यश म्हणजे हे नाही, ते', नववीला 'आता आपल्याला विचारणार' आणि दहावीला 'पुढे पाठवा' हे सारे बरोबर निघाले. आठवीला ते 'बोध सांगेल' म्हणाले, पण तीन बोध कोणते ते सांगता आले नाहीत, म्हणून ती अर्धीच धरू. म्हणजे झाकलेल्या नऊ ओळींपैकी पाच पूर्ण ओळखल्या गेल्या, आणि त्या सगळ्या पाचवीपासूनच्या होत्या. मजकुरात जे काही नवे आहे ते पहिल्या चार ओळींत संपते. पुढे उरते ते नुसते वातावरण.

या कसोटीला दोन जोड द्याव्या लागतात, कारण पहिल्या चार ओळी तिने अडवल्या नाहीत.

एक म्हणजे अदलाबदल. चौथ्या ओळीत कापसाच्या जागी दही घाला आणि शेतकऱ्याच्या जागी गवळी : "बेटा, दही कधीच घाई करत नाही." रस्ता आणि ट्रकचालक घाला, मडके आणि कुंभार घाला. पुढची एकही ओळ बदलावी लागत नाही. कापूस निघून गेला तरी ज्या लेखाला धक्का लागत नाही, तो लेख कापसावरचा नव्हता.

दुसरी कसोटी प्रयोगशाळेतली आहे : या मजकुरातले कोणते विधान खोटे ठरू शकेल? दिवस कोणता, गाडी कोणती, मुलगी कुठे चुकत होती, शेतकऱ्याने थांबवले ते काय करताना, यांपैकी काहीच सांगितलेले नाही. 'यश म्हणजे संयम' हे कोणत्या मोजमापाने खोडून काढणार? दहा ओळींत एकही विधान असे नाही की ज्यासाठी कोणी महागावला जाऊन चौकशी करू शकेल. त्यातल्या त्यात संशय घ्यावा असा शब्द 'बेटा' हा आहे. आमच्या भागातला म्हातारा शेतकरी अनोळखी मुलीला 'बाई' म्हणेल, 'पोरी' म्हणेल, पण 'बेटा' सहसा म्हणणार नाही. अर्थात हाही पुरावा नव्हे. इंग्रजीत लिहिताना माणूसही असे करतो.

साधने का चुकतात?

इथपर्यंत आल्यावर मित्र म्हणाला, "म्हणजे यंत्रच." इथे थांबायला हवे. तिन्ही कसोट्यांनी एवढेच सिद्ध झाले की मजकुरात माहिती फार थोडी आहे. तो कोणी लिहिला हे सिद्ध झालेले नाही. माणसेही अपेक्षित तेच लिहितात. निरोपसमारंभाची भाषणे आठवून पाहावीत.

'मग ओळखण्याचे साधन वापरू' असे अनेक शिक्षकांना वाटते, म्हणून त्या साधनांकडे जरा नीट पाहू. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच ३१ जानेवारी २०२३ रोजी असे एक साधन दिले होते. तिच्याच चाचणीत यंत्रलिखित मजकुरांपैकी फक्त २६ टक्के त्याला ओळखता आले, आणि माणसांनी लिहिलेल्यांपैकी ९ टक्क्यांवर त्याने यंत्राचा शिक्का मारला. त्याच वर्षी जुलैमध्ये, अचूकता कमी असल्याचे सांगून, कंपनीने ते मागे घेतले.

९ टक्के ही चूक लहान वाटते. ती वर्गात कशी मोठी होते ते पाहा. समजा तालुक्यातील ४०० मुलांनी निबंध दिले, त्यांतल्या १०० जणांनी यंत्राकडून लिहून घेतले आणि ३०० जणांनी स्वतः लिहिले. साधन १०० पैकी २६ जणांना पकडील. ३०० चे ९ टक्के म्हणजे २७ प्रामाणिक मुलांनाही पकडील. मुख्याध्यापकांच्या टेबलावर ५३ नावांची यादी येईल आणि तिच्यात अर्ध्याहून अधिक मुले निर्दोष असतील. शिवाय ७४ जण सुटलेले असतील ते वेगळेच. नंतरची काही साधने याहून चांगली आहेत, पण हिशेबाचे स्वरूप बदलत नाही. प्रामाणिक मुले संख्येने जास्त असतील, तर थोडीशी चूकही बऱ्याच निर्दोषांना गाठते.

त्याहून गंभीर गोष्ट २०२३ मध्ये पुढे आली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील वेइशिन लियांग, जेम्स झू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सात साधनांपुढे ९१ निबंध ठेवले. ते टोफेल या परीक्षेसाठी लिहिलेले होते, म्हणजे इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा माणसांचे. साधनांनी सरासरी ६१ टक्के निबंधांवर यंत्राचा शिक्का मारला. अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांबाबत ती जवळजवळ अचूक होती.

असे का व्हावे? कारण यांतली बरीच साधने शॅननचाच खेळ खेळतात. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो हे ती मोजतात. सहज ओळखता आला तर यंत्र, नाही तर माणूस. परकी भाषा बेताच्या शब्दांत, पाठ केलेल्या वाक्यरचनांत लिहिणाऱ्या माणसाचे शब्दही सहज ओळखता येतात. महागाव, उमरखेड किंवा पुसदच्या ज्या मुलाने घरी मराठी, बंजारा किंवा गोंडी बोलत, पुस्तकातून इंग्रजी कमावली, त्याचे इंग्रजी असेच असते. हे साधन त्याच्याविरुद्ध आधीच झुकलेले आहे. ज्या मुलाने सर्वांत जास्त कष्टाने चार वाक्ये लिहिली, त्यालाच आपण 'हे तुझं नाही' असे सांगू शकतो. यापेक्षा वाईट चूक शिक्षकाच्या हातून क्वचितच होत असेल.

म्हणून लेखकाचा शोध घेण्याऐवजी मजकुराला प्रश्न विचारावेत असे मी म्हणतो. मुलाला 'तू लिहिलंस का?' असे विचारले तर तो बचावाला उभा राहतो. 'त्या दिवशी काय झालं?' असे विचारले तर, काही झालेले असल्यास, तो सांगू लागतो.

वहीतले टिपण

मित्राने तिला तेच विचारले. फोन केला आणि म्हणाला, "शेतकऱ्यानं तुला थांबवलं ते काय करताना?" ती थोडी हसली आणि म्हणाली, "सर, ते खरं तर वेगळंच झालं होतं." मग तिने प्रशिक्षणाच्या वहीतले टिपण वाचून दाखवले. ते जवळजवळ असे होते :

"सकाळी साडेआठला गाडीच्या वरच्या थरात ओलावा १३ आला. नापास लिहिणार होते. शेतकरी म्हणाला, 'गाडी रातभर लाइनमंधी उघडी होती, वरतून दव पडलं. वरून पाहून काय होते बाई, आतमंधी हात घालून पाय.' हातभर आतला कापूस काढून मोजला, ९ आला. पुन्हा दोन जागी मोजला, तेच. यापुढे प्रत्येक गाडीत पाच जागी मोजायचं."

या टिपणाचे महत्त्व समजण्यासाठी एक गोष्ट माहीत हवी. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत कापसातील ८ टक्के ओलावा प्रमाण मानतात. त्याहून जास्त असेल तर त्या प्रमाणात भाव कापला जातो, आणि १२ टक्क्यांच्या पुढचा कापूस घेतला जात नाही. म्हणजे १३ आणि ९ यांत फरक होता तो गाडी परत जाण्याचा आणि थोड्या कपातीने विकली जाण्याचा. ओल्या कापसाच्या गाठी बांधल्या तर तो पिवळा पडतो, म्हणून नियमही बरोबरच आहे. चूक होती ती नमुना घेण्याच्या पद्धतीत. दव पृष्ठभागावर पडते, कापूस हवेला अडवून धरतो, त्यामुळे एका रात्रीत ओलावा फार खोल जात नाही. एकाच जागेचे, तेही पृष्ठभागाचे मोजमाप संपूर्ण गाडीचे म्हणून चालत नाही, हा नमुना-निवडीचा धडा तिला पुस्तकात होता. तो तिला आकड्यांत भेटला त्या सकाळी.

आता या टिपणाला तिन्ही कसोट्या लावा. 'ओलावा १३ आला' हे वाचून पुढचा ९ कोणाला ओळखता येत नाही. कापसाच्या जागी दही घातले तर वाक्यच कोसळते, कारण दह्यावर दव पडून वरचा थर नापास होत नाही. आणि विधाने खोटी ठरू शकतात : कोणीही ओलावामापक घेऊन, रात्रभर उघड्या राहिलेल्या गाडीत वर आणि आत मोजून पाहू शकतो. सहा-सात वाक्यांचे हे टिपण दहा ओळींच्या मजकुरापेक्षा कितीतरी भरलेले आहे, आणि शब्द फार वेगळ्या संख्येत नाहीत.

तिने यंत्राला काय सांगितले होते, तेही तिने लपवले नाही. 'जिनिंगमध्ये प्रशिक्षण घेतले, एका शेतकऱ्याकडून शिकले, प्रेरणादायी मजकूर लिही,' एवढेच. आकडे तिने दिलेच नाहीत, कारण 'असले आकडे कोण वाचतं' असे तिला वाटले. त्यामुळे यंत्राला शेतकरी मिळाला, पण त्याचे वाक्य मिळाले नाही. ती जागा त्याने स्वतः भरली. जो शेतकरी 'आत हात घालून पाहा' म्हणाला होता, त्याच्या तोंडी 'घाई करू नको' घातले गेले. इथे नुसती भाषा सपाट झालेली नाही, साक्षही बदलली आहे. या प्रकारच्या लेखनावर माझा मुख्य आक्षेप तो आहे.

आणखी एक तपशील सांगायलाच हवा. नववी आणि दहावी ओळ नक्की यंत्राची, असे मित्र पैजेवर सांगत होता. त्या दोन्ही ओळी तिने स्वतः जोडल्या होत्या. प्रश्न विचारला की उत्तरे येतात, असे तिला वरच्या वर्गातल्या कोणीतरी सांगितले होते. पहिली ओळही तिचीच. 'मी चुकत होते' हे तर खरेच होते. तेव्हा बाह्य खुणांवरून लेखक ओळखण्याचा आमचा अंदाज दहापैकी तीन ओळींत फसला असता.

वर्गात

नववी-दहावीच्या वर्गात हा पाठ एका तासिकेत घेता येतो. फळ्यावर असा एक मजकूर लिहून, ओळी झाकत, पुढचे ओळखायला सांगावे, आणि ओळखलेल्या ओळींवर खूण करावी. मग मुलांना आदल्या दिवशी स्वतः पाहिलेल्या एका गोष्टीवर पाच वाक्ये लिहायला सांगावीत आणि शेजाऱ्याने तोच खेळ त्यावर खेळावा. शेजाऱ्याला न ओळखता आलेली वाक्ये अधोरेखित करावीत. एक सावधगिरी मात्र हवी : न ओळखता येणे म्हणजे विक्षिप्त असणे नव्हे, हे मुलांना आधी सांगावे, नाहीतर 'काल आकाशातून हत्ती पडला' अशी वाक्ये येतील. त्यांना तिसरी कसोटी लावावी : हे तपासायला कुठे जाऊ, कोणाला विचारू?

त्या मुलीने मजकूर काढून टाकला नाही. काही दिवसांनी त्याखाली तिने वहीतले टिपण आकड्यांसह, एकाच परिच्छेदात टाकले. पसंती पहिल्याला जास्त मिळाल्या. दुसऱ्याखाली मात्र अकोल्याच्या एका अनोळखी अभियंत्याने विचारले होते की, पाच जागा निवडताना गाडीच्या तळाचा नमुना कसा काढता? त्याचे उत्तर तिला त्या वेळी माहीत नव्हते. पुढच्या गाडीवर ती ते पाहणार होती.